ब्रेक-इव्हन लवकर येतो म्हणून प्रकल्प पहिला? या चुका टाळा

मंजुरीच्या बैठकीत सगळ्यात जास्त भाव खाणारं वाक्य म्हणजे “याचा पैसा अडीच वर्षांत सुटतो.” हे वाक्य बहुतेक वेळा खरंही असतं. चूक होते ती त्यावरून क्रमवारी लावताना.

समजा हाताशी १०० लाख आहेत आणि दारात तीन प्रकल्प उभे आहेत. ‘क’ला ६० लाख लागतात आणि ४ वर्षं दरवर्षी २४ लाख हातात येतात. ‘ख’ला ५० लाख लागतात, ८ वर्षं १४ लाख येतात. ‘ग’लाही ५० लाखच लागतात, ६ वर्षं १५ लाख येतात. पैसे वसूल व्हायला ‘क’ला अडीच वर्षं, ‘ग’ला सव्वातीनच्या आसपास आणि ‘ख’ला साडेतीनहून थोडी जास्त वर्षं लागतात. म्हणजे ‘क’ पहिला.

आता पुढच्या वर्षांचे पैसे १० टक्के दराने आजच्या किमतीत आणू. गुंतवणूक वजा केल्यावर ‘क’कडून १६ लाख उरतात, ‘ख’कडून जवळपास २५ आणि ‘ग’कडून १५. ‘क’ घेतला की ४० लाख शिल्लक राहतात, त्यात ना ‘ख’ बसतो ना ‘ग’. म्हणजे १६ लाख कमवायला आपण ‘ख’ आणि ‘ग’ मिळून येणारे ४० लाख सोडले. हे सोडलेले ४० लाख, शिल्लक राहिलेले नव्हेत, हाच ‘क’चा संधी खर्च. तो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, म्हणून बैठकीत कुणाला दिसत नाही. (‘क’ चार वर्षांनी पुन्हा उभारता येईल, असं कुणीतरी म्हणतंच. तसं धरलं तरी आकडा २७ लाखांपुढे जात नाही.)

दुसरी चूक अधिक आत दडलेली असते. किती नग विकले की खर्च भरून निघतो, हा ब्रेक-इव्हनचा आकडा एकच असतो असं आपण धरून चालतो. ‘क’मध्ये एका नगामागे ५०० सुटतात, वर्षाचा स्थिर रोख खर्च १६ लाख आहे आणि अपेक्षित विक्री ८,००० नग. ६० लाखांचा ४ वर्षांत घसारा म्हणजे वर्षाला १५ लाख. एकूण ३१ लाख भागिले ५००, म्हणजे ६,२०० नग. अहवालात हाच आकडा येतो आणि ८,०००च्या तुलनेत तो भरपूर सुरक्षित वाटतो.

पण घसाऱ्यात फक्त मुद्दल परत येतं, पैसा अडकल्याची किंमत येत नाही. १० टक्क्यांनी ६० लाख चार वर्षांत फेडायचे तर वर्षाला सुमारे १९ लाख लागतात, आणि ब्रेक-इव्हन ७,००० नगांवर जातो. आणखी एक पायरी चढा. ‘क’ने सोडून दिलेले ४० लाखही भरून काढायला हवेत. मग १०० लाखांवर वर्षाला साडेएकतीस लाख, अधिक स्थिर खर्च १६. म्हणजे जवळपास ९,५०० नग. अपेक्षित विक्री मात्र ८,०००च. प्रकल्प तोट्यात नाही, पण या रांगेत तो पहिला येत नाही.

इथे एक धोका आहे. संधी खर्चाची गोष्ट पटली की काहीजण व्याजदरही वाढवतात आणि वर ते ४० लाखही धरतात. ही दुबार मोजणी आहे. १० टक्क्यांमध्ये बाहेर सहज मिळणारा परतावा आधीच धरलेला आहे. ४० लाख त्याच्या वरचे आहेत. वाढीव दर किंवा ४० लाख, यांपैकी एकच गोष्ट एकदाच धरा. रिकामी पडलेली स्वतःची जागा ‘फुकट’ मानणं ही उलट बाजूची चूक. ती वर्षाला ३ लाखांनी भाड्याने जाणार असेल, तर ‘क’चा ब्रेक-इव्हन आणखी ६०० नगांनी सरकतो. मात्र त्या जागेला दुसरा गिऱ्हाईकच नसेल, तर शून्यच धरायचा. उगाच ‘बाजारभाव’ लावू नये.

मग गुंतवलेल्या प्रत्येक लाखामागे किती उरतं, यावर क्रम लावावा का? बहुतेकदा हो. ‘ख’ला ०.४९, ‘ग’ला ०.३१, ‘क’ला ०.२७, आणि ‘ख’ व ‘ग’ १०० लाखांत नेमके बसतात. पण निधी ११० लाख करून बघा. याच क्रमाने गेलात तर ‘ख’ आणि ‘ग’, एकूण ४० लाख, आणि १० लाख नुसते पडून. ‘ख’ आणि ‘क’ घेतले तर सगळा निधी कामाला लागतो आणि ४०.८ लाख येतात. प्रकल्प तोडून अर्धा घेता येत नसेल तर क्रमवारीवर विसंबू नका, निधीत बसणाऱ्या जोड्या लिहून काढा. तीन-चार प्रकल्प असतील तर कागदावर दहा मिनिटांचं काम.

आणि तो ०.८ लाखांचा फरक? ‘क’ची विक्री वर्षाला जेमतेम ५० नगांनी कमी झाली तरी तो पुसला जातो. अशा वेळी मी तरी ‘ग’ घेईन आणि १० लाख हाताशी ठेवीन.