रिफंडसाठी ओटीपी मागणारा फोन आला तर काय करावे

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ ही पाटी बँकेच्या भिंतीवर असते, एटीएमच्या खोलीत असते, आणि तिचा उपयोग फारसा होत नाही. सकाळी सिलिंडर आणणारा कोड विचारतो, आपण सांगतो. मोबाइलवरून बोलावलेला रिक्षावाला विचारतो, कुरिअरवाला विचारतो, त्यांनाही सांगतो. रोज मोडावा लागणारा नियम नेमक्या वेळी कोण पाळणार? नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मेसेज दाखवायला येणारे बहुतेक जण ही पाटी वाचलेलेच असतात. म्हणून पाटी बाजूला ठेवू आणि सरळ कामाला लागू.

पहिली पायरी: बोलणे अर्धवट असले तरी फोन ठेवा. ‘एक मिनिट हं’ असे म्हणत बसू नका.

दुसरी पायरी: आलेला मेसेज शेवटपर्यंत वाचा. सगळे अडते ते इथेच. फोनवरचा माणूस सांगतो, ‘सहा आकडे आलेत बघा,’ आणि आपली नजर त्या सहा आकड्यांवरच जाऊन थांबते. बाकीची ओळ इंग्रजीत असते, बारीक असते, शिवाय तो घाई करत असतो. पण खरी माहिती त्या ओळीतच असते. कार्डाने खरेदी होत असेल तर किती रुपये आणि कुठल्या दुकानात, हे बहुतेक वेळा तिथे लिहिलेले असते. कोणी तुमच्या नेट बँकिंगचा पासवर्ड बदलत असेल, खात्यात नवा लाभार्थी जोडत असेल किंवा दुसऱ्या मोबाइलवर तुमचे बँकेचे अ‍ॅप चालू करत असेल, तर तसे लिहिलेले असते. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या नववी-दहावीच्या पोराकडून वाचून घ्या, पण फोन ठेवल्यावर.

सिडकोतल्या एका काकूंनी परत पाठवलेल्या मिक्सरचे ३,२०० रुपये यायचे होते. त्यांनी कंपनीचा नंबर गूगलवर शोधला आणि वर दिसला तोच लावला. हा नंबर भामट्याने स्वतःच टाकून ठेवलेला होता. फोन काकूंनीच लावलेला असल्यामुळे संशय यायला जागाच राहिली नाही. ‘रिफंड कुठल्या कार्डावर टाकू?’ असे विचारून त्याने कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे काढून घेतले. मग ओटीपी आला. मेसेजमध्ये १८,४९९ रुपये आणि एका मोबाइलच्या दुकानाचे नाव होते. काकूंनी त्याला विचारलेही. तो म्हणाला, ‘ताई, तो तुमचा फाइल नंबर आहे. रिफंडची रक्कम नंतर दिसेल.’ काकूंनी आकडे सांगितले.

आता यात प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. ओटीपी बँकेची यंत्रणा तयार करते, एका ठरावीक व्यवहारासाठी, आणि तो बरोबर की चूक हेही तीच तपासते. म्हणजे बँकेला तो तुमच्या तोंडून ऐकायची गरजच नाही. तुम्ही स्वतः पडद्यावर टाकला की तिचे काम झाले. ऑनलाइन कार्ड व्यवहारांना असा जादा पुरावा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीचा केला तो यासाठी, की कार्डाचे सगळे आकडे चोरीला गेले तरी मालकाच्या होकाराशिवाय पैसे निघू नयेत. तो होकार म्हणजेच हा कोड. बोलता बोलता कोड आला, याचा अर्थ समोरच्याने त्या क्षणी तुमच्या नावावर काहीतरी सुरू केले आहे आणि त्याचे काम फक्त तुमच्या होकारापाशी अडले आहे.

‘पण त्याला माझे नाव, पत्ता, ऑर्डर, कार्डाचे शेवटचे चार आकडे सगळे माहीत होते’ हे मला हमखास ऐकायला मिळते. ही माहिती हल्ली विकत मिळते, आणि पार्सलच्या खोक्यावर तर छापूनच येते. त्यावरून त्याची ओळख पटत नाही. आणि तुमची ओळख पटवायची म्हणून तो कोड मागत असेल, तर फोन त्याने केलाय की तुम्ही, एवढे आठवा. त्याने केला असेल तर ओळख त्याने पटवायची. तुम्ही कार्डामागच्या नंबरवर फोन केलात आणि बँकेच्या यंत्राने कोड मागितला, तर तो बटणांनी टाकायचा. माणसाला बोलून दाखवायचा नाही.

रिफंडचे तर सरळच आहे. पैसे आत येताना तुमचा होकार लागत नाही. पेन्शन जमा होते, गॅसची सबसिडी जमा होते, तेव्हा कोणी कोड विचारतो का? ज्या कार्डावरून किंवा खात्यातून पैसे गेले, दुकानदार तिथेच परत पाठवतो. यूपीआयचा पिनही फक्त पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो.

आता सिलिंडर आणि पार्सलचे. तो कोड वस्तू पोचल्याची पावती असते. माणूस दारात, वस्तू तुमच्या हातात आणि मेसेजमध्ये डिलिव्हरीचाच उल्लेख, हे तिन्ही जुळले तर सांगा. ‘तुमच्या नावाची ऑर्डर आली आहे, रद्द करायला कोड द्या’ असे म्हणणाऱ्याला देऊ नका. बँकेत खाते उघडताना आधारचा ओटीपी येतो, तेव्हा कर्मचाऱ्याकडून टॅबलेट हातात घ्या आणि स्वतः टाइप करा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या.

तिसरी पायरी: खरा रिफंड अ‍ॅपमधल्या ऑर्डरच्या पानावर शोधा. कंपनीने पैसे पाठवले असतील तर तिच्याकडे एक संदर्भ क्रमांक असतो. कार्डासाठी त्याला एआरएन म्हणतात, खात्यातल्या व्यवहारासाठी यूटीआर. तो मागून घ्या आणि बँकेला द्या. कार्डावर पैसे दिसायला कामाचे काही दिवस जातात. भामटे ह्याच दिवसांवर जगतात.

चौथी पायरी, कोड देऊन झाला असेल तर: आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावा, मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पोलीस ठाण्याची वाट नंतर धरा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः कोड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. त्यामुळे जावयाला विचारू, संध्याकाळी बघू, असे करू नका.

काकूंनी अर्ध्या तासात फोन केला. मोबाइल अजून दुकानातून निघाला नव्हता, म्हणून ऑर्डर अडवता आली आणि १८,४९९ रुपये काही दिवसांनी कार्डावर परत आले. मिक्सरचे ३,२०० त्याच्या आधीच आले होते. दोन्ही वेळा फक्त जमा झाल्याचा मेसेज आला, कोड कोणी मागितला नाही.

बँकेला फोन केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवा, आणि तेच ईमेलनेही कळवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही.