‘ग्रो’ला बसण्याआधी: कागद घेतला का?

अडखळणाऱ्या सहकाऱ्याशी ‘ग्रो’ पद्धतीनं, म्हणजे उत्तर न देता प्रश्न विचारून त्यालाच वाट काढायला लावत, बोलायचं ठरलं की सगळे प्रश्न पाठ करतात. गोल म्हणजे काय हवं, रिअॅलिटी म्हणजे सध्या काय चाललंय, ऑप्शन्स म्हणजे काय करता येईल, विल म्हणजे नक्की काय करणार, ही चार घरं आणि त्यातले प्रश्न कुणालाही तासाभरात येतात. राहतो तो कागद: त्याच्या हातून गेलेल्या दोन-तीन ताज्या कामांचा, तारीखवार. म्हणून तयारीत पहिला तोच.

उदाहरण बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याचं घेऊ. कोटेशन टेबलावरचा मुलगा मागे पडतोय. चौकशी आल्यापासून दोन कामाच्या दिवसांत कोटेशन जावं असा नियम, याची पाच-सहा दिवस लोळतात. टीम लीडच्या मनात निदान तयार: ‘एक्सेल हळू आहे, कॉस्टिंग जमत नाही.’ आता कागद काढा. उशिरा गेलेल्या तीन चौकश्या निवडा आणि मेलबॉक्समधून प्रत्येकीच्या चार वेळा लिहा: मेल कधी आला, ग्राहकाला पहिला प्रश्न कधी गेला, कॉस्टिंग कधी सुरू झालं, कोटेशन कधी गेलं. वीस मिनिटांचं काम आहे. एका चौकशीचं असं निघतं: मेल सोमवारी अकराला, प्रश्न गुरुवारी चारला, उत्तर शुक्रवारी सकाळी, कॉस्टिंग दोन तासांत, कोटेशन शनिवारी. म्हणजे कॉस्टिंगला दोनच तास लागले. तीन दिवस गेले ते प्रश्न न विचारण्यात. हा कागद नसता तर त्याला एक्सेलच्या क्लासला धाडलं असतं.

कागदावर फक्त वेळा आणि तारखा. ‘निष्काळजीपणा’ असला शेरा लिहिलात की ते आरोपपत्र झालं.

मग स्वतःला विचारा, हे ‘ग्रो’चं काम आहे का? त्याला प्रेशर क्लास १५० आणि ३०० यातला फरकच कळत नसेल तर प्रश्न विचारून तो कळणार नाही, शिकवा. लेखी नोटीस द्यायची आधीच ठरली असेल तर नोटीस द्या. तिला ‘ग्रो’चा अंगरखा चढवू नका, पुढच्या वेळी कुणी खरं बोलणार नाही. घरी आजारपण असेल तर आधी रजेचं बघा. काम येतं, करायचंही आहे, पण मध्येच कुठंतरी अडकतंय, अशा माणसासाठी ही पद्धत आहे.

जागा: बंद दाराची खोली. वेळ: पाऊण तास, सेव-उसळीच्या सुट्टीला लागून नको. भाषा मात्र ठरवून ठेवा. बडोद्यात ऑफिसचं गुजराती आणि घरचं मराठी असं दोन्ही चालतं. दोघंही मराठी असतील तर खोलीत मराठीतच बोला, अडचण त्या भाषेत लवकर बाहेर येते. फक्त टेबलावर, बाकीच्यांसमोर नको. आपली कुजबुज चाललीय असं त्यांना वाटतं. मोबाइल, पाणी, ते तुम्हाला कळतं.

बोलणं साधारण असं जावं:

‘उठताना तुझ्या हातात काय असावं?’
‘उशीर व्हायला नको, ताई.’
‘नको ते कळलं. काय व्हायला हवं?’
‘दोन दिवसांत कोटेशन जायला हवं.’
‘सगळी?’
‘माहिती अर्धवट असते त्यांची नाही जमणार. पण पूर्ण असेल ती सगळी जातील. अर्धवट असेल तिला प्रश्न त्याच दिवशी.’
‘कधीपासून?’
‘या महिन्याअखेरपर्यंत जमवतो.’
‘बरं. हा कागद बघ. सोमवार अकरा ते गुरुवार चार, या चौकशीचं काय चाललं होतं?’
‘त्यात फ्लुइड आणि तापमान दिलं नव्हतं.’
‘हे केव्हा लक्षात आलं?’
‘सोमवारीच.’
‘मग?’
‘म्हटलं, जुन्या ऑर्डरमध्ये सापडेल. ग्राहकाला विचारलं तर वाटेल, यांना काहीच माहीत नाही.’
‘उरलेल्या दोन्हींत?’
(कागद बघून) ‘तेच झालंय.’

इथं थांबा. हे वाक्य त्याच्या तोंडून आलं, कारण समोर कागद होता. नसता तर ‘काम फार आहे, ताई’, ‘बरं, लक्ष दे’, ‘देतो’ एवढ्यावर उठला असता. ‘का नाही विचारलंस?’ असंही म्हणू नका. ‘का’ आलं की माणूस सफाई द्यायला लागतो. काय, केव्हा, कितीदा एवढंच विचारा.

‘काय काय करता येईल?’
‘लगेच विचारायचं.’
‘अजून?’
(बराच वेळ गप्प) ‘प्रश्नांचा एक छापील फॉर्म केला तर? साइझ, प्रेशर क्लास, बॉडी-ट्रिमचं मटेरियल, एंड कनेक्शन, फ्लुइड, तापमान, संख्या. सगळ्यांनाच पाठवायचा, मग अडाणी वाटणार नाही.’
‘अजून?’
‘पहिले काही मेल तुम्हाला दाखवून पाठवू?’
‘चालेल. यातलं आधी काय करशील?’
‘फॉर्म.’

त्या गप्प वेळात तुमची जीभ वळवळेल. फॉर्मची कल्पना तुम्हालाही सुचली असेल, कदाचित आदल्या दिवशीच. बोलू नका. तुम्ही दिलेला फॉर्म पंधरा दिवसांत धूळ खातो, त्याने केलेला वापरला जातो. तीन पर्याय त्याचे येईपर्यंत तुमचा बाहेर काढायचा नाही; त्याने मागितला तर शेवटी, तोही चौथा म्हणून.

विलमध्ये लोक दमलेले असतात आणि ‘चल, कर मग’ म्हणून उठतात. निदान एवढं घ्या:

‘फॉर्म कधी तयार?’
‘बुधवारपर्यंत.’
‘कोणाचं काही लागेल?’
‘ड्रॉइंगवाल्या भाईंना एकदा दाखवावा लागेल.’
‘दहापैकी किती खात्री?’
‘सहा.’
‘आठ व्हायला काय बदलायचं?’
‘आधी फक्त बॉल व्हॉल्व्हचा करतो. मग आठ.’

सात किंवा खाली आलं तर समजवत बसू नका, काम लहान करा. ठरलेलं त्यानेच लिहायचं आणि त्यानेच तुम्हाला मेल करायचं. दोन आठवड्यांनंतरची पंधरा मिनिटं तिथंच दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका.

त्या पंधरा मिनिटांना नवा कागद. हो, पुन्हा कागद: मधल्या काळातल्या तीन चौकश्या, त्याच चार वेळा. फॉर्म झाला पण प्रश्न अजून तिसऱ्या दिवशीच जात असतील तर गोलपासून सुरू करू नका, थेट कागदावरून विचारा. काहीच हललं नसेल तर आणखी एकदा बसा. त्यानंतरही तसंच असेल तर टेबल बदलण्याचं बघा.