बक्षीस बदललं, तेव्हा गिऱ्हाईक आलं

आमचा लाकडी घाण्याच्या तेलाचा छोटा धंदा आहे. पहिल्या इन्स्टाग्राम स्पर्धेत बक्षीस होतं ब्लूटूथ इअरफोन, आणि अट होती तीन मित्रांना टॅग करण्याची. फॉलोअर भराभर वाढले आणि निकालानंतर तितक्याच वेगाने गळाले. इअरफोन कुणालाही हवे असतात. महाग शेंगदाणा तेल मोजक्याच घरांना.

पुढच्या वेळी बक्षीस ठेवलं पाच लिटर शेंगदाणा तेल. टॅगिंग काढलं. त्याऐवजी छोटा फॉर्म: घरी महिन्याला किती तेल लागतं, सध्या कोणतं वापरता, पिनकोड काय. डिलिव्हरी जिथे देतो तेवढेच पिनकोड पात्र. नुसत्या बक्षिसासाठी फिरणारे हा फॉर्म अर्धवट सोडतात किंवा तेलाच्या रकान्यात काहीतरी टिंब टाकतात, त्यामुळे ते लगेच ओळखू येतात. नोंदी खूपच कमी आल्या, पण वाचण्यासारख्या होत्या.

एक अडचण मात्र खरी आहे: तेल जिंकायची आशा असलेला माणूस तेवढे दिवस खरेदी थांबवतो. म्हणून आधीच जाहीर केलं, की स्पर्धेच्या काळात तेल घेतलेला जिंकला तर त्याचे पैसे परत.

निकालाच्या दिवशीच न जिंकलेल्या प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर एक लिटरच्या बाटलीवर सवलतीचं कूपन पाठवलं, मुदत दहा दिवस. हिशेब आता नोंदींचा ठेवत नाही. किती कूपनं वापरली गेली, आणि त्यातल्या किती घरांनी पुढची बाटली पूर्ण किमतीला मागवली, एवढंच वहीत लिहिते.