कॅज्युअल्टीत 'दम लागलाय' म्हणून आलेला डायबेटिसचा पेशंट

इंटर्नशिपला नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. मी पुण्यात मेडिसिनची रेसिडेन्सी करते आणि आमच्याकडे असे पेशंट 'दमा वाढलाय' म्हणूनच येतात, म्हणून एक केस नीट सांगते.

वाघोलीच्या हॉस्टेलवर राहणारा १९ वर्षांचा मुलगा, टाइप १ डायबेटिस. दोन दिवस उलट्या, पोटात काही ठरत नाही, मग जेवणच नाही तर इन्सुलिन कशाला म्हणून त्याने तेही बंद केलं. आई म्हणत होती, "डॉक्टर, याला दमा कधीच नव्हता हो, कालपासून असाच श्वास घेतोय." श्वास मिनिटाला ३४, पण नुसता भरभर नाही, प्रत्येक श्वास खोल, पोट-छाती पूर्ण हलतेय आणि मध्ये थांबणं नाही. स्टेथो लावला तर छाती एकदम क्लिअर, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९८. इथेच थांबून विचार करायचा. फुफ्फुसं ठीक आहेत तरी एवढी धाप, म्हणजे गडबड रक्तात आहे. नेब्युलायझेशन नको, आधी शुगर, कीटोन आणि एबीजी.

शुगर ४८०, पीएच ७.२२, बायकार्बोनेट ८, कार्बन डायऑक्साइड २०. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोअ‍ॅसिड तयार होतात आणि ती संपवण्यात बायकार्ब खर्च होतं. मग मेंदूतलं श्वासाचं केंद्र जोर लावून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, कारण तोही अ‍ॅसिडच वाढवतो. याला कुसमॉल ब्रीदिंग म्हणतात, अ‍ॅडॉल्फ कुसमॉल यांनी १८७४ मध्ये डायबेटिक कोमात त्याचं वर्णन केलं.

आता हा श्वास पुरतोय का ते बघायचं, म्हणजे एवढ्या बायकार्बला कार्बन डायऑक्साइड किती असायला हवा ते काढायचं:

`1.5 × HCO3 + 8 (±2)`

८ ला दीड पट १२, अधिक ८ म्हणजे २०. त्याचा २० च होता, म्हणजे कॉम्पेन्सेशन बरोबर चाललंय. हाच आकडा २८ आला असता तर पीएच ७.०८ च्या आसपास गेला असता, आणि याचा अर्थ पोरगं थकतंय किंवा सोबत न्यूमोनियासारखं काहीतरी आहे.

म्हणून 'फार तळमळतोय' म्हणून झोपेचं इंजेक्शन देऊ नका, खरंच देऊ नका. व्हेंटिलेटर लागलाच तरी मशीनचा श्वास नेहमीच्या १४-१६ वर ठेवला तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच धाडकन पडतो, त्यामुळे तो निर्णय सिनिअरच घेतात. उपचार श्वासावर नसतो, सलाइन, पोटॅशियम बघून इन्सुलिनचं इन्फ्युजन, कीटोन थांबले की श्वास आपोआप उतरतो. याचा संध्याकाळपर्यंत २२ वर आला, बायकार्ब १३.

पण श्वास मंदावला म्हणून लगेच खूश होऊ नका, एबीजी परत करा. बायकार्ब वर आलं असेल तर बरं होतंय, ते ८ वरच आहे आणि पेशंट झोपाळलाय तर तो दमलाय, तिथूनच सिनिअरला फोन लावा.