शेवटचं पान न वाचता सही करताय? या चुका टाळा

करार हातात आला की आपल्याकडं लोक दोनच गोष्टी बघतात, रक्कम आणि मुदत. शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं म्हणजे टायपिस्टनं जागा भरायला टाकलेली असतात असा समज. सांगलीत वकिली करताना सिव्हरेबिलिटी, वेव्हर आणि गव्हर्निंग लॉ ही तीन कलमं कुणी वाचून आलाय असं क्वचितच घडतं, भांडण झाल्यावर मात्र सगळे तीच शोधत येतात.

सगळ्यात जास्त घोळ वेव्हरचा. वेव्हर म्हणजे आपला हक्क माहीत असताना तो आपणहून सोडून देणं. करारात बहुतेक वेळा उलटं कलम असतं, की हक्क बजावायला उशीर झाला म्हणून तो सोडला असं धरायचं नाही, सोडायचा तर लेखी आणि सहीनिशी. हे वाचून लोक निवांत होतात आणि तिथंच फसतात.

माझ्याकडं एकजण आला, कुपवाडला त्याचं शेड, भाड्यानं दिलेलं. भाडं 40,000, पाच तारखेपर्यंत द्यायचं, उशीर झाला तर दिवसाला 500 दंड. भाडेकरूनं अकराही महिने वीस तारखेला पैसे दिले, म्हणजे महिन्याला 15 दिवस उशीर, दंड 7,500, एकूण 82,500. शेड रिकामं झाल्यावर यानं ते सगळे डिपॉझिटमधून कापले आणि समोरून नोटीस आली. मला म्हणतो, "वकीलसाहेब, कलम आहे की ओ, आपण हक्क सोडलेलाच नाही." मी म्हटलं फोन दाखव. पहिले सात महिने भाडेकरू दर वेळी विचारतोय, "दादा, वीसला देऊ का?" आणि हा लिहितोय, "द्या ओ सवडीनं, कुठं पळून जाताय." एकदा तर वर अंगठा!

सही नव्हती म्हणून भांडता आलं असतं, पण समोरचा वकील म्हणणार की सहीची अटच तुम्ही दोघांनी वागण्यातून बाजूला ठेवली, आणि त्यात दम होता. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट 1872 चं कलम 63 सांगतं की ज्याला काही घ्यायचंय तो स्वतः सूट देऊ शकतो, मुदतही वाढवून देऊ शकतो. शेवटचे चार महिने हा नुसता गप्प होता, आणि नुसतं गप्प बसणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे, त्यामुळं 30,000 वर आम्ही अडून बसलो. पण दंडाचा आकडा लिहिलाय म्हणून कोर्ट तेवढा देतंच असं नाही, कलम 74 प्रमाणं वाजवी वाटेल तेवढंच, म्हणून 25,000 वर मिटवलं. 82 हजाराचे 25!

माझी स्वतःची सवय सांगतो. उशिरा पैसे आले की लगेच एक ओळ पाठवायची, "भाडं मिळालं, 15 दिवस उशीर आहे, दंडाचा हक्क राखून ठेवतोय." आधी ढील दिली असेल तर, "पुढच्या महिन्यापासून पाच तारीख पक्की" असं लेखी कळवायचं आणि मग मागायचं. संबंध बिघडतील म्हणून लोक हे टाळतात. वर्षानं एकदम 82 हजार कापल्यावर संबंध काय सुधारतात का?

सिव्हरेबिलिटीचं थोडक्यात. एक कलम बेकायदा निघालं तर तेवढंच गळून पडतं, बाकी करार चालू राहतो. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात जायचं नाही ही अट त्याच कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 27 खाली सहसा टिकत नाही, म्हणून पोरं समजतात अख्खा कागदच रद्दी. नोटीस पिरियडचे पैसे तरीही मागितले जातात. फक्त कराराचा मूळ हेतूच बेकायदा असेल तर हे कलमही काही वाचवत नाही.

आता गव्हर्निंग लॉ, म्हणजे कराराला कुठला कायदा लागू हे सांगणारं कलम. "भारतीय कायदा लागू राहील" वाचून लोक खूश, पण कायदा कुठला आणि कोर्ट कुठलं हे वेगळे प्रश्न आहेत. बाहेरच्या कंपनीकडून काही घेताना खालची ओळ वाचा, तिथं "वाद गुरुग्रामच्या कोर्टात" असं काहीतरी असतं. त्यात "फक्त" शब्द नाही म्हणून सांगलीत दावा लावू, ही इंटरनेटवरून आणलेली युक्ती माझ्यापुढं नका ठेवू, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या निकालात सांगितलंय की तो शब्द नसला तरी बाकीची कोर्टं वगळली असंच धरता येतं. मात्र ज्या गावाचा व्यवहाराशी काडीचा संबंध नाही तिथल्या कोर्टाला दोघांनी मिळूनही अधिकार देता येत नाही. घरच्या वापराची वस्तू असेल तर 2019 च्या ग्राहक कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. धंद्यासाठी घेतलेल्या मशीनला ती सोय सहसा मिळत नाही, तेव्हा सही करायच्या आधीच गुरुग्राम खोडून सांगली लिहायला सांगा, आणि नाहीच ऐकलं तर अ‍ॅडव्हान्स कमी द्या, कारण दीड लाखाच्या वादासाठी तिकडच्या तारखा करणं कुणालाच परवडत नाही आणि हे कंपनीला तुमच्यापेक्षा जास्त माहितीय.