परदेशात राहून वडिलोपार्जित जमीन विकायची असेल तर मुखत्यारपत्र कसं करायचं, आणि मुखत्याराला काय करता येत नाही

गावची जमीन विकायची आहे, तुम्ही परदेशात आहात, आणि गावाकडून फोन येतो की "पॉवर पाठवून दे, बाकी मी बघतो". पॉवर म्हणजे मुखत्यारपत्र, तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, आणि तो ज्याला दिला तो मुखत्यार. इथे बरेच जण नेटवरून एखादा नमुना उतरवतात, त्यात "सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार" असं लिहितात, सही करतात आणि पाठवून देतात. तसं करू नका. परदेशातून शेतजमीन विकण्यासाठी असं सर्व अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र जवळपास कधीच लागत नाही, लागतं ते खास मुखत्यारपत्र, म्हणजे एका गटासाठी, एका व्यवहारासाठी, आणि जमलं तर एकाच खरेदीदारासाठी.

एक उदाहरण घेऊ म्हणजे सगळं त्यावरच समजेल. सातारा जिल्ह्यात एक गट आहे, क्षेत्र 1 हेक्टर 20 आर. वडील वारले, आई त्यांच्या आधीच गेलेली, मागे एक भाऊ आणि दोन बहिणी. तिघांचा हिस्सा सारखा, म्हणजे प्रत्येकी 40 आर. धाकटी बहीण अमेरिकेत आहे, भाऊ गावात, थोरली पुण्यात. गावातलाच एक शेतकरी पूर्ण गट घ्यायला तयार आहे आणि धाकटीला भावाला मुखत्यार करायचंय.

आधी सातबारा, मग मुखत्यारपत्र

ऑनलाइन सातबारा आणि आठ अ काढा आणि तुमचं नाव आहे का बघा. वारस नोंद झाली नसेल तर आधी तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार मंजूर करून घ्या, कारण वडिलांच्याच नावावर जमीन असेल तर खरेदीदाराचा वकील पुढे जाणारच नाही. बहिणींची नावं सातबाऱ्यावरच्या इतर अधिकार या रकान्यात घातलीयेत का, की मुख्य खातेदार म्हणून आहेत, तेही बघा. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, 2005 च्या दुरुस्तीने तो आला आणि वडील 2005 आधी वारले असले तरी जिवंत मुलीला हा हक्क मिळतो असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे "तुझं नाव सातबाऱ्यावर नाही, मग तुझा काय संबंध" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

जमीन भोगवटादार वर्ग 2 असेल, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी अट असलेली असेल, तर विक्रीला आधी परवानगी लागते. आणि परदेशस्थ माणसाला वारशाने शेतजमीन मिळू शकते, पण ती विकताना खरेदीदार भारतात राहणारा असावा लागतो, महाराष्ट्रात शिवाय तो शेतकरी असावा लागतो. म्हणजे दुबईतल्या मित्राला किंवा शेतकरी नसलेल्या शहरातल्या ओळखीच्याला ती विकता येत नाही, मुखत्यारपत्र कितीही पक्कं असलं तरी.

मुखत्यार काय करू शकत नाही

हा भाग नीट वाचा, कारण भांडणं इथूनच सुरू होतात.

मुखत्यार तुमचाच हिस्सा विकू शकतो, दुसऱ्याचा नाही. आपल्या उदाहरणात धाकटीने भावाला पॉवर दिली म्हणून भाऊ पुण्याच्या बहिणीचे 40 आर विकू शकत नाही, तिने स्वतः सही करायला हवी किंवा तिचं वेगळं मुखत्यारपत्र हवं. भावाने एकट्याने पूर्ण गटाचं खरेदीखत केलं तरी थोरलीचा हिस्सा काही जात नाही, फक्त कोर्टाची केस उभी राहते आणि त्यात धाकटीचंही नाव येतं.

जे लिहिलेलं नाही ते मुखत्याराकडे नाही. कोर्ट मुखत्यारपत्र शब्दशः वाचतं. त्यात "विक्री करणे" आहे पण "मोबदला स्वीकारणे" नाही, तर पैसे घ्यायचा अधिकार त्यातून आपोआप निघतो असं धरून चालू नका. तसंच विकायचा अधिकार दिला म्हणजे बक्षीस द्यायचा, गहाण ठेवायचा किंवा हक्कसोडपत्र करायचा अधिकार दिला असं होत नाही. पण "सर्व प्रकारचे दस्त करणे" असं मोघम वाक्य टाकलंत की हाच वाद उघडा राहतो, आणि घरातल्या माणसाने पॉवर वापरून स्वतःच्याच नावे हक्कसोडपत्र करून घेण्याची भीती खरी आहे.

मुखत्यार तुमच्या पाठीमागे ती जमीन स्वतःला विकू शकत नाही. करार कायद्याप्रमाणे एजंटने मालकाची संमती न घेता स्वतःशीच व्यवहार केला, महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा मालकाचं नुकसान झालं तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. पण मग कोर्टात जावं लागतं, म्हणून आधीच लिहून ठेवा की मुखत्याराला स्वतःला, बायको-मुलांना किंवा स्वतःच्या फर्मला विकता येणार नाही. तुमच्या लेखी संमतीशिवाय तो हे अधिकार पुढे तिसऱ्याला देऊ शकत नाही हेही लिहा.

मुखत्यारपत्र हे खरेदीखत नाही. "पॉवर ऑफ अॅटर्नीवर जमीन घेतली" असं लोक म्हणतात, पण सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं की अशा कागदाने मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीखतच हवं. म्हणून खरेदीदार "आता पॉवर द्या, पैसे घ्या, खरेदीखत नंतर" म्हणत असेल तर नको म्हणा.

आणि तुम्ही वारलात की मुखत्यारपत्र संपतं. मानसिक स्थिती बिघडली तरी संपतं. अमेरिकेत "ड्युरेबल" नावाचा प्रकार असतो जो माणूस अक्षम झाल्यावरही चालतो, तो नमुना तिथून उचलून इकडे पाठवतात, पण भारतातल्या जमिनीसाठी साध्या मुखत्यारपत्राला तसा आधार नाही. मुखत्याराचा स्वतःचा त्या मालमत्तेत त्याच कराराने आलेला हितसंबंध असेल तर अपवाद आहे, पण घरच्या माणसाला पैसे न घेता दिलेल्या पॉवरला तो लागत नाही. तुमच्या पश्चात वारस नोंद करून वारसांनीच सही करायची.

कोर्टात केस लागली तर जे फक्त तुम्हालाच माहीत आहे त्याबद्दल मुखत्यार तुमच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

मसुदा कसा लिहायचा

माझं स्पष्ट मत आहे की आधी सौदा ठरवा, मग मुखत्यारपत्र करा. कारण हा कागद खरेदीदाराचा वकील वाचणारच, आणि "किमान इतक्या रकमेला विकावी" असं त्यात लिहिलं की तुमची खालची किंमत समोरच्याला कळली. भाव आधी व्हिडिओ कॉलवर ठरवा, खरेदीखताचा मसुदा ईमेलवर मागवून वाचा, आणि मग गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, तुमचा हिस्सा, खरेदीदाराचं नाव आणि रक्कम लिहून खास मुखत्यारपत्र करा. अधिकार मोजकेच द्या, म्हणजे ठरलेल्या खरेदीखतावर सही करणे, दुय्यम निबंधकासमोर कबुली देणे, फेरफारासाठी अर्ज करणे. मुदत टाका, समजा सहा महिने.

पैशांचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. लिहा की तुमच्या हिश्श्याची रक्कम फक्त तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशस्थ भारतीयाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात, बँकेमार्फतच जमा होईल, आणि मुखत्याराला रोख किंवा स्वतःच्या खात्यात घेता येणार नाही. याचा फायदा पुढेही होतो, कारण एनआरओमधून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, पण विक्रीचा आणि कराचा कागद दाखवावा लागतो आणि भावाच्या खात्यातून फिरून आलेले पैसे समजावून सांगणं अवघड होतं. खरेदीखतात पॅनही तुमचा हवा, भावाचा नाही, विक्रेता तुम्ही आहात. गावाकडची खरी ग्रामीण शेतजमीन असेल तर सहसा भांडवली नफ्याचा कर नसतो, पण शहराच्या हद्दीजवळ असेल तर असतो आणि मग खरेदीदाराला परदेशस्थ विक्रेत्याच्या नियमाने टीडीएस कापावा लागतो, त्यामुळे हे सीएला सौद्याआधी विचारा.

सही, कुरिअर, स्टॅम्प

घरी सही करून कागद पाठवू नका. एकतर भारतीय दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करा, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला, घ्या (अपोस्टिल चालणाऱ्या देशात असाल तर). नोंदणी कायद्याच्या कलम 33 मध्ये परदेशातल्या माणसासाठी नोटरी किंवा भारतीय कॉन्सुलने प्रमाणित केलेला कागद चालतो असं आहे. प्रत्येक पानावर सही, फोटो, पासपोर्टची प्रत, दोन साक्षीदार. जाण्याआधी भावाला संबंधित दुय्यम निबंधक कार्यालयात पाठवून मसुदा दाखवून घ्या, नाहीतर परत सगळं करावं लागतं.

मूळ कागद भारतात पोहोचला की घड्याळ सुरू होतं. महाराष्ट्रात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक कार्यालयात जाऊन त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, म्हणून कुरिअरची पावती आणि पाकीट जपून ठेवा. इथे एक मोठा सापळा आहे. भाऊ, बहीण, आई-वडील, नवरा-बायको अशा जवळच्या माणसाला मोबदला न घेता विक्रीची पॉवर दिली तर शुल्क 500 रुपयांसारखं नाममात्र आहे, पण बाहेरच्याला दिली तर मोबदला नसतानाही खरेदीखताइतकं शुल्क लागू शकतं. चुलतभाऊ, काका, मित्र यांना द्यायचा विचार असेल तर आधी मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. आपल्या उदाहरणात सख्खा भाऊ आहे म्हणून प्रश्न नाही.

खरेदीखताच्या दिवशी भावाला घोषणापत्र द्यावं लागतं की मुखत्यारपत्र अजून चालू आहे, रद्द केलेलं नाही आणि देणारी व्यक्ती हयात आहे. त्या दिवशी तुम्ही फोनवर हजर राहा, म्हणजे तुमच्या खात्यात पैसे आल्याचा मेसेज दिसेपर्यंत भावाने सही करायची नाही असं आधीच ठरवा.

सौदा फिसकटला तर

पॉवर तशीच पडू देऊ नका. रद्दपत्र करा, तेही दूतावासातून किंवा नोटरी-अपोस्टिल करून, आणि मुखत्याराला रजिस्टर पोस्टाने कळवा, कारण त्याला कळेपर्यंत त्याने केलेला व्यवहार तुमच्यावर बंधनकारक ठरू शकतो. ज्याच्याशी बोलणी चालू होती त्या खरेदीदाराला आणि दुय्यम निबंधकाला लेखी कळवा, मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि मूळ मुखत्यारपत्र परत मागवून घ्या, त्याची झेरॉक्स नाही.