व्हिएतनामी बोलताना या चुका टाळा: फसवे स्वर आणि शब्दाचा शेवट

व्हिएतनामी शिकायला घेतली की सहा सुरांची धास्ती बसते आणि सगळा जीव त्यांच्यामागेच जातो. पण आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही, तेव्हा दोष नेहमी सुरांचा नसतो. कधी स्वरच चुकलेला असतो, कधी शब्द जिथे संपवायचा तिथे संपवलेला नसतो. हे तपासायला एक साधं वाक्य फार उपयोगी पडतं:

Anh ăn cơm chưa?

आपल्याहून थोड्या मोठ्या पुरुषाला 'जेवलात का?' असं विचारण्याचा हा रोजचा प्रश्न. यातले चारही शब्द सपाट सुरात आहेत, त्यामुळे चूक झाली तर ती सुरांवर ढकलता येत नाही. मराठी शिकणारा वहीत बहुधा 'आन्ह आन कोम चुआ' असं लिहून घेतो. यातला एकही शब्द बरोबर नाही, आणि चारही चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत. खालचे उच्चार हनोईकडचे आहेत. दक्षिणेकडे काय बदलतं ते शेवटी सांगतो.

cơm म्हणजे 'कोम' नव्हे, 'कम'ही नव्हे

ơ हे अक्षर o ला शेपटी लावल्यासारखं दिसतं, म्हणून डोळा 'ओ' वाचतो. पण इथे ओठ गोल होतच नाहीत. हा आपला 'अ' आहे, फक्त लांबवलेला. मराठीत तो रोज वापरात आहे. 'झालं', 'गेलं', 'असं' हे शब्द बोलताना शेवटी अनुस्वार असला तरी आपण बहुतेक जण नाकातून काही काढत नाही, लांब 'अ' म्हणतो. तोच ơ. 'झालं' लांबवून म्हणा, शेवटचा स्वर धरून ठेवा, त्याच्या आधी क लावा आणि मग ओठ मिटा.

गंमत अशी, की ही ओळखच पुढे फसवते. मराठीत हा लांब 'अ' शब्दाच्या शेवटी येतो. त्याच्यापुढे म् आला की जीभ सवयीने त्याला 'दम'मधल्या आखूड 'अ'वर आणते. तो आखूड 'अ' व्हिएतनामीत वेगळा स्वर आहे, â. म्हणजे cơm (भात, जेवण) म्हणायला जावं आणि तोंडून câm (मुका) बाहेर पडावं. ओठ मिटण्याआधी स्वर पुरेसा लांबला नसेल, तर हीच चूक होते आहे असं समजा.

ăn: मराठीत नसलेला आखूड 'आ'

ă हा 'आ'च आहे, जीभ त्याच जागी, पण आखूड. मराठीत आखूड 'आ' नाही. त्यामुळे आपण दोन टोकांपैकी एकाकडे पळतो. 'आन' म्हटलं की an होतं (शांती), 'अन' म्हटलं की ân होतं (उपकार). खाणं, म्हणजे ăn, या दोघांच्या मधे राहून जातं.

यावर उपाय असा, की स्वर कापण्याचा प्रयत्न करू नका, कारण त्याने तो 'अ'कडेच सरकतो. तोंड 'आ'साठी पूर्ण उघडा, लगेच न् वर पोचा आणि तो न् लांबवा: 'आन्न्'. आखूड स्वरानंतर शेवटचं व्यंजन थोडं जास्त रेंगाळतं आणि लांब स्वरानंतर ते आटोपतं घेतलं जातं. हे तंत्र ă आणि â या दोघांनाही लागू पडतं.

हाच फरक जोडस्वरांत सगळ्यांत जास्त त्रास देतो, म्हणून तिथे थोडं थांबू या. हे तीन शब्द पाहा: tai (कान), tay (हात), tây (पश्चिम). पहिला सोपा आहे, 'गाय', 'काय' यांतला आय. तिसराही सोपा, कारण मराठी 'ऐ' हा मुळात अ आणि इ यांचा जोड आहे. 'तैलचित्र'मधला तै सपाट सुरात म्हटला की tây जवळजवळ जमला. हिंदीच्या वळणाने 'ऐ' पसरट करणाऱ्यांनी मात्र इथे मराठी वळणच धरावं. अडचण मधल्या tay ची आहे. त्याला मराठीत जागाच नाही, म्हणून हात दाखवताना आपण एक तर कान म्हणतो नाही तर पश्चिम. इथे 'आ' उघडा पण झटकन, आणि पुढचा य् लांब: 'ताय्य्'.

लेखन इथे आणखी दगा देतं. आखूड 'आ'ची खूण ă अशी आहे, पण ay आणि au यांत ती लिहीत नाहीत. tai आणि tay मधला फरक i आणि y चा दिसतो, पण तो खरं तर आधीच्या a च्या लांबीचा आहे. तीच गोष्ट cao (उंच), cau (सुपारी) आणि câu (वाक्य) यांची. 'कावकाव'मधला काव म्हणजे cao, 'कौल'मधला कौ म्हणजे câu, आणि सुपारी दोघांच्या मधे. व्हिएतनामी मित्र असेल तर त्याच्यासमोर असे तीन शब्द उलटसुलट क्रमाने म्हणा आणि त्याला जे ऐकू येतं ते कागदावर लिहायला सांगा. 'बरोबर आहे का?' असं विचारू नका. तसं विचारलं की बहुतेक लोक भिडेखातर हो म्हणतात.

chưa: ओठ आणि जीभ वेगळे करा

ư हा मराठीत नसलेला स्वर आहे. 'उ' म्हणा, जीभ मागेच ठेवा आणि फक्त ओठ पसरून 'ई'सारखे करा. मराठीत ओठ गोल झाले की जीभ मागे आणि ओठ पसरले की जीभ पुढे, अशी दोघांची जोडी ठरलेली आहे, ती इथे मोडावी लागते. ती न मोडल्याची लक्षणं स्पष्ट असतात. ओठ गोल राहिले तर chua होतं, म्हणजे आंबट, आणि जेवणाच्या प्रश्नाऐवजी आंबट भाताची चौकशी होते. जीभ पुढे सरकली तर chia, म्हणजे वाटणी करणं. ओठांवर नजर ठेवायला आरसा पुरतो, जिभेसाठी मात्र कानच लागतो. स्वरात 'इ'चा भास झाला तर जीभ निसटली.

ưa मधला a पाहून 'आ' म्हणू नका. ia, ua, ưa या तिन्हींत तो हलका 'अ' आहे, 'झालं'च्या शेवटासारखा. सरावाला mùa mưa (पावसाळा) घ्या. पहिल्या शब्दात ओठ गोल, दुसऱ्यात पसरट, बाकी सगळं सारखं, फक्त पहिल्याचा सूर खाली उतरतो.

anh मध्ये ह नाही

nh दिसलं की आपल्याला 'कान्हा', 'न्हावी' आठवतात. गोव्यातल्या नोरोन्हा, सालदान्हा या आडनावांनी तर ही समजूत पक्की केली आहे. पण त्या आडनावांतलं nh मूळ पोर्तुगीजमध्ये ञ आहे, आणि व्हिएतनामी लिपीतही ते पोर्तुगीज वळणानेच आलं. सतराव्या शतकातल्या जेझुइट मिशनऱ्यांनी ही रोमन लिपी घडवली, आणि अलेक्सांद्र द रोड यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश 1651 मध्ये रोममध्ये छापला गेला. त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीला nh म्हणजे ञ: nhà (घर) हे 'ञा'.

शब्दाच्या शेवटी मात्र हनोईत तोही ञ राहत नाही. anh हे 'अइङ्'सारखं ऐकू येतं, आखूड 'आ' शेवटी 'इ'कडे झुकतो आणि आवाज नाकात जातो. शेवटच्या ch चंही तसंच. sách (पुस्तक) म्हणजे 'साच' नव्हे, 'साइक्'. thích (आवडणं) म्हणजे 'थीच' नव्हे, 'थिक्'.

शब्द बंद करा, सोडू नका

'हात', 'नाक', 'माप' म्हणताना आपण शेवटचं व्यंजन सोडतो, बारीकसा फुंकर बाहेर येतो. व्हिएतनामीत p, t, c, ch शेवटी असले की तोंड बंद होतं आणि तिथेच थांबतं. मराठीत हे आपण द्वित्तात करतो. 'पत्ता'मधल्या पहिल्या त् वर थांबा, दुसरा म्हणूच नका. p साठी 'गप्पा', c साठी 'पक्का'. ओठांसमोर तळवा धरून một (एक) म्हणा. शेवटी वारा लागला तर शब्द उघडा राहिला. आणि हा t 'त'च आहे. इंग्रजीच्या सवयीने 'मोट' करू नका. अशा बंद शब्दांवर सहापैकी दोनच सूर येतात, चढता sắc आणि जड nặng, त्यामुळे सुरांचं ओझं तिथे आपोआप कमी होतं.

शेवटच्या ng ला 'रंग'मधला ग लावणं ही आपली हमखास चूक. मराठीत ङ् एकटा उभा राहत नाही, त्याच्यामागे क किंवा ग येतोच. không (नाही) म्हणजे 'खोंग' नाही. शिवाय o, ô, u नंतर ng किंवा c आला की ओठही मिटतात. không चा शेवट ङ् आणि म् एकदम म्हटल्यासारखा होतो, học (शिकणं) चा क् आणि प् एकदम. त्या không मधला ô सुद्धा सरळ 'ओ' नसून 'अउ'सारखा वळतो. आरशात पाहा. không म्हणून झाल्यावर ओठ उघडे दिसले, तर तो पूर्ण झालेला नाही.

उलट एक सवय म्, न् आणि ङ् यांची सरमिसळ करते. मराठीत अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो, म्हणून 'अंक'मध्ये ङ् येतो. त्याच ओघात ăn cơm चं आपण 'अङ् कम' करतो. हनोईत न् साठी जीभ दातांमागे टेकायलाच हवी, पुढे क असला तरी. म्हणून वहीत अनुस्वार लिहू नका, न्, म्, ङ् वेगवेगळे लिहा.

दक्षिणेत हिशेब वेगळा

सायगावकडे बहुतेक स्वरांनंतर शेवटचा n हा ng होतो आणि t हा c. तिथे ăn cơm मधला ङ् चूक नाही, स्थानिक लोकही तसंच बोलतात. cát (वाळू) आणि các (अनेकवचनाचा शब्द) तिथे सारखेच ऐकू येतात. anh 'आन्'कडे जातं, sách 'सात्'कडे. không आणि học चे ओठ मात्र तिथेही मिटतात. हनोईच्या ध्वनिफिती ऐकून शिकत असाल आणि शिकवणारी व्यक्ती दक्षिणेची असेल, तर 'अङ् कम'मधला ङ् तिच्याकडून दुरुस्त होणार नाही. ती चूक हनोईच्या माणसासमोरच उघडी पडते.